पोहे सव्वानऊला

रायपुरात मुलाखत साडेदहाची असली की दुर्ग-भिलाईकडचे उमेदवार साडेनऊलाच फाटकाशी येऊन उभे राहतात, कारण गाडीचा भरवसा नाही. मुलाखत घेणारे साडेदहाला घरून निघतात, कारण आपण पोचल्याशिवाय मुलाखत सुरू होणार नाही, याचा त्यांना पूर्ण भरवसा असतो. बाकी तयारी म्हणाल तर आदल्या रात्री एक फोन होतो. ‘उद्याच आहे ना? किती जण आहेत? जेवणाचं काय केलंय?’ या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की सदस्य निवांत झोपतो.

उमेदवारांचे अर्ज त्याच्या हाती पडतात ते उमेदवार समोर बसल्यावर. म्हणून तर जगातल्या सगळ्या मुलाखती ‘अपने बारे में कुछ बताइए’ या वाक्याने सुरू होतात. उमेदवाराला वाटतं, आपल्याविषयी जाणून घ्यायचंय. प्रत्यक्षात चार चष्मे अर्जावर वाकलेले असतात आणि तो बोलत असेपर्यंत त्याचं नाव वाचून व्हावं एवढीच मंडळाची अपेक्षा असते. नाव वाचून झालं की तो बोलतोय ते आणि अर्जात आहे ते एकच असल्याचं लक्षात येतं, आणि मग अध्यक्ष प्रसन्न होऊन विचारतात, ‘तर तुम्ही बी.एड. आहात?’

आमच्या भागातल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवणारी व्यक्ती नेमायची होती. शाळेचं नाव सांगत नाही, कारण संस्थेतले सगळे जण संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ घ्यायला येतात. मंडळात चार जण होतो: संस्थेचे अध्यक्ष, खजिनदार, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, आणि मी. बाहेरचा एक सदस्य असावा असं कुठल्याशा कागदात लिहिलेलं असतं, तो बाहेरचा मी. पाचव्या म्हणजे प्राचार्यबाई. त्या नव्याने आल्या होत्या आणि त्यांना संस्थेच्या चालीरीती ठाऊक नव्हत्या. त्यांनी पत्रात मुलाखतीची वेळ साडेदहा अशी लिहिली आणि खाली एक ओळ टाकली: ‘नाश्ता सव्वानऊला. पोहे-जिलबी.’

नऊ वाजून दहा मिनिटांनी सगळे हजर होते. अध्यक्षांना वेळेवर आलेलं पाहून शिपाई घाबरून आत गेला आणि खुर्च्या पुन्हा पुसून आला.

दुसरी जिलबी संपता संपता बाईंनी प्रत्येकापुढे एक कोरा कागद ठेवला आणि विचारलं, ‘आपल्याला नेमकं कोण हवंय?’

अध्यक्ष म्हणाले, ‘चांगला मास्तर पाहिजे, और क्या!’ प्राध्यापक म्हणाले, ‘विषय पक्का हवा.’ खजिनदार म्हणाले, ‘टिकणारा हवा.’ मागचे सर डिसेंबरात कोचिंग क्लासला पळाले होते, ते दुःख ताजं होतं. मी म्हणालो, मुलांवर न खेकसणारा असावा. वर्षानुवर्षं हे मंडळ एकाच टेबलाभोवती बसून चार वेगवेगळ्या माणसांच्या शोधात होतं, ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच कागदावर उतरली.

मग बाईंनी एकेक गोष्ट चाळायला घेतली. पदवी, बी.एड., गुण हे सगळं अर्जात आहे, त्यावरूनच आठ जण निवडून बोलावलेत. तेच पुन्हा मुलाखतीत मोजलं तर एकाच गोष्टीचे दोनदा गुण जातात, म्हणून ते बाद. अध्यक्षांनी ‘पर्सनॅलिटी’ हा शब्द तीनदा उच्चारला. बाईंनी विचारलं, ‘पर्सनॅलिटीत तुम्ही काय बघता, काका?’ अध्यक्षांनी बराच विचार केला. ‘माणूस आत आला की कळून जातं ना! आवाज बुलंद पाहिजे, उभा राहिला तर वर्ग गप्प झाला पाहिजे.’ बाईंनी लिहिलं: ‘शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू येतं का, फळ्यावरचं अक्षर मागून वाचता येतं का.’ अध्यक्षांना आपल्या पर्सनॅलिटीचं असं झालेलं पाहून वाईट वाटलं, पण यात खोड काढता येईना. यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. ‘व्यक्तिमत्त्व’ असं लिहिलं की पाच जण पाच गोष्टींना गुण देतात. ‘मागून ऐकू येतं का’ असं लिहिलं की मागच्या खुर्चीवर बसून बघावं लागतं, एवढंच.

शेवटी चार गोष्टी उरल्या. विषय, फळ्यावर समजावून सांगणं, मुलाच्या चुकीचं काय करतो ते, आणि वर्गाबाहेरची जबाबदारी, म्हणजे वह्या तपासणं, पालकांशी बोलणं वगैरे. प्रत्येकाला पाच गुण, आणि चुकीच्या मुद्द्याला दुप्पट, कारण नववीच्या गणितात बरोबर उत्तरांपेक्षा चुकाच जास्त भेटतात.

कागदावर मुद्दे लिहिले म्हणजे झालं, असंही नसतं. ‘अजय हासिया’ या नावाने ओळखला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९८०चा निकाल वाचण्यासारखा आहे. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षा शंभर गुणांची आणि तोंडी पन्नासची. पन्नास गुणांची वाटणीही रीतसर झालेली होती: सामान्यज्ञानाला पंधरा, एखाद्या विशिष्ट गोष्टीच्या समजेला पंधरा, अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांना दहा, व्यक्तिमत्त्वाला दहा. कागद अगदी देखणा. उमेदवारांची तक्रार अशी की प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटांत कुणाचे चिरंजीव, राहता कुठे, असंच विचारलं आणि बाहेर पाठवलं. एवढ्या वेळात चार मुद्द्यांची पारख कशी होणार, हे न्यायालयालाही पटेना. तोंडी परीक्षेला एवढा मोठा वाटा देणं न्यायालयाने मनमानी ठरवलं, पंधरा टक्क्यांची मर्यादा सुचवली आणि मुलाखत टेपवर नोंदवून ठेवली तर बरं, असंही म्हटलं. मी हे सांगितल्यावर अध्यक्षांनी खिशातला मोबाइल उपडा करून ठेवला.

म्हणजे प्रश्नसुद्धा आधी ठरवायला हवेत, आणि कुठला प्रश्न कोण विचारणार हेही. इथे खरी लढाई झाली.

प्राध्यापकांचा एक लाडका प्रश्न आहे. वर्तुळाचा आहे, त्यात तीन स्पर्शिका आहेत, आणि तो ते नोकरीला लागल्यापासून प्रत्येक मुलाखतीत विचारत आलेत. आजवर कुणालाच आलेला नाही, हे ते अभिमानाने सांगतात. शिवाय उत्तर आलं नाही की ते स्वतः उठून फळ्यावर करून दाखवतात, त्यात पंधरा मिनिटं जातात आणि उमेदवार ‘जी सर, जी सर’ करत विद्यार्थी होऊन परत जातो. बाईंनी अतिशय आदराने विचारलं, ‘सर, आठही जणांना शून्य मिळालं तर त्यांच्यातला चांगला कोणता ते आपल्याला कसं कळेल?’ जो प्रश्न सगळ्यांना येतो तो निरुपयोगी, हे प्राध्यापकांना मान्य होतं. जो कुणालाच येत नाही तोही तितकाच निरुपयोगी, हे त्यांच्याच विषयातलं तर्कशास्त्र त्यांना त्या दिवशी परक्या तोंडून ऐकावं लागलं. त्यांनी स्पर्शिका घडी घालून खिशात ठेवल्या.

खजिनदारांचा प्रश्न तर ठरलेलाच. उमेदवार बाई असली की, ‘लग्न झालंय का? मिस्टर काय करतात? बदलीची नोकरी तर नाही ना?’

‘हे पुरुषांना विचारता का?’ बाई म्हणाल्या.

‘त्यांना काय विचारायचं? पुरुष तर टिकूनच राहतो.’

‘मागचे सर पुरुषच होते ना?’

खजिनदारांनी पोह्यांतली हिरवी मिरची बाजूला काढायला घेतली. त्यांची काळजी मात्र खोटी नव्हती. मध्येच मास्तर गेला की दहावीचा वर्ग उघडा पडतो. म्हणून प्रश्न बदलला आणि आठही जणांसाठी एकच ठेवला: ‘आधीची नोकरी सोडलीत तेव्हा सत्र चालू होतं का? तुमचे वर्ग कुणाकडे सोपवून निघालात?’ लग्नापेक्षा यातून टिकाऊपणा जास्त कळतो. शिवाय तो झालेल्या गोष्टीविषयी असल्याने उत्तर रचायला अवघड.

रायपुरात आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, ती पुण्यात कुणाच्या डोक्यातही येणार नाही. समोर साहू, वर्मा, देवांगन बसले असले की मुलाखत हिंदीत चालते. एखादा देशपांडे किंवा वानखेडे आला की अध्यक्ष पुढे सरसावतात. ‘अरे वा! मराठी का? मूळ कुठले तुम्ही? अमरावतीचे? परतवाड्याला आमची मावशी राहून राहिली ना!’ पुढची दहा मिनिटं परतवाड्यात जातात. अशा वेळी इथला तात्यापारा आणि परतवाडा यांच्यामधलं अंतर शून्य होतं. मग तो देशपांडे गणितात कसाही असो, सगळ्यांना तो ‘मोकळा, समंजस’ वाटतो. बिचारे साहू तीन प्रश्नांची नेमकी उत्तरं देऊन जातात आणि त्यांच्या नावापुढे शेरा पडतो, ‘थोडे बुजरे.’ बाईंनी म्हटलं, शाळेत शिकवायचं ज्या भाषेत आहे त्याच भाषेत आठही मुलाखती होतील, आणि गाव कुणालाही विचारायचं नाही. अध्यक्षांनी हे फार मनाला लावून घेतलं. ‘मग मी विचारू काय?’ त्यांना कामं दिली दोन: सुरुवातीला स्वागत करून कोण काय विचारणार ते उमेदवाराला सांगायचं, आणि शेवटी उमेदवाराला काही विचारायचं आहे का, ते विचारायचं. मधला सगळा वेळ ऐकायचा. इतक्या वर्षांच्या समाजकार्यात हे काम त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

पुरवणी प्रश्न ज्याचा मुद्दा त्यानेच विचारायचा, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, हेही ठरलं. नाहीतर एक जण उत्तराची वाट पाहत असतो आणि शेजारचा उमेदवाराची दया येऊन ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय ना की...’ करून उत्तर पुरवतो. तो शेजारचा बहुधा मी असतो, असं प्राध्यापकांचं मत आहे.

सगळ्यात मजा आली ती गुणांच्या वेळी. पाचापैकी तीन म्हणजे काय? अध्यक्षांच्या मते तीन म्हणजे नापास, घरी सांगू नये असा. प्राध्यापकांच्या मते तीन म्हणजे उत्तम, कारण चार त्यांनी फक्त रामानुजनसाठी राखून ठेवले आहेत. बाईंनी एक नमुना काढला. प्रश्न असा: ‘नववीच्या मुलाने वहीत (a + b)² = a² + b² लिहिलंय. तुम्ही काय कराल?’ आणि एका काल्पनिक उमेदवाराचं उत्तर त्यांनी वाचून दाखवलं: ‘मी त्याला a = 2, b = 3 घालून बघायला सांगेन. डावीकडे पंचवीस येतात, उजवीकडे तेरा. मग बरोबर सूत्र फळ्यावर लिहीन आणि पाच उदाहरणं देईन.’ बाई म्हणाल्या, एकमेकांकडे न बघता गुण लिहा.

कागद उघडले. अध्यक्षांचे पाच, खजिनदारांचे चार, माझे तीन, प्राध्यापकांचा एक.

उत्तर एक, वाचणारी व्यक्ती एक, पोहेसुद्धा एकाच कढईतले. उमेदवार अजून फाटकाशी उभेच होते आणि त्यांच्यातल्या कुणाचं तरी नशीब हे असं एक ते पाच लोंबकळत होतं. अध्यक्ष म्हणाले, फटाफट सांगितलं, अटकला नाही, म्हणून पाच. प्राध्यापक म्हणाले, ‘नित्यसमानता’ हा शब्दच वापरला नाही, म्हणून एक. या दोन्ही गोष्टी त्या मुद्द्याखाली लिहिलेल्याच नव्हत्या. मुद्दा होता मुलाच्या चुकीचं काय करतो हा.

मग तिथल्या तिथे मोजपट्टी ठरली. ‘सूत्र चुकलं, दहा वेळा लिहून आण’ म्हणणाऱ्याला एक. आकडे घालून चूक दाखवून देणाऱ्याला तीन. चूक आहे हे मुलाला कळलं, का आहे ते नाही. पाच कुणाला? जो आधी मुलालाच विचारेल की हे तू कसं केलंस. मग a + b बाजूचा चौरस काढून त्यात a²चा आणि b²चा तुकडा दाखवेल आणि उरलेले दोन आयत त्याच्याकडूनच शोधून घेईल. पंचवीस आणि तेरा यांच्यातले हरवलेले बारा म्हणजे सहा-सहाचे ते दोन आयत. हे चित्र काढता काढता प्राध्यापक इतके खुलले की त्यांनी पाच गुण द्यायला स्वतःहून मान्यता दिली. पुन्हा तोच नमुना मोजला तेव्हा सगळ्यांचे तीन आले, अध्यक्षांचे साडेतीन. अर्धा गुण त्यांनी आवाजासाठी ठेवला होता, पण वाचल्या होत्या बाईच.

‘हे सगळं ठीक आहे,’ अध्यक्ष म्हणाले, ‘पण मी तर माणूस पाहूनच सांगून देतो. तीस वर्षांचा अनुभव आहे. त्याचं काय?’

याचं उत्तर इस्रायलच्या सैन्यात १९५५च्या सुमारास सापडलं आहे. डॅनियल कानेमान, ज्यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि भरती होणाऱ्या जवानांच्या मुलाखतींची पद्धत बसवण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. आधीचे मुलाखतकार गप्पा मारून माणसाविषयी एकंदर मत बनवायचे, आणि ती मतं पुढे फारशी खरी ठरत नव्हती. कानेमान यांनी सहा गुणविशेष ठरवले, प्रत्येकासाठी झालेल्या गोष्टींविषयीचे प्रश्न ठरवले, आणि एकेका मुद्द्याला गुण देऊनच पुढे जायचं, असा नियम केला. पहिल्या मुद्द्यावर बसलेली छाप पुढच्या सगळ्या गुणांवर सांडू नये, हा त्यातला हेतू. मुलाखतकार चिडले, तुम्ही आम्हाला यंत्रमानव करताय, म्हणाले. तेव्हा कानेमान यांनी तडजोड केली: सगळे गुण देऊन झाल्यावर डोळे मिटा, हा जवान कसा निघेल ते मनाशी बघा, आणि त्याचाही एक गुण द्या. पुढे पडताळा घेतला तेव्हा नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच सरस निघाली, आणि गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला गुणही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला. अंतर्ज्ञान खोटं नव्हतं, फक्त ते आधी कामाला लावायचं नव्हतं.

अध्यक्षांच्या तक्त्यात शेवटी एक रकाना वाढवला: ‘डोळे मिटून’. ते इतके खूश झाले की त्यांनी तिथेच सराव करून पाहिला. चहा आल्यावर त्यांना हलवावं लागलं.

उमेदवारांची यादी बाईंनी शेवटी वाचली, नातं असेल तर सांगा म्हणून. इथली मराठी वस्ती अशी की नातं नाही असं सांगणंच अवघड. कुणी कुणाचा साडू, कुणी नणंदेच्या दिराची सून. दूरचं सगळं सोडून दिलं. पण पाचव्या क्रमांकाला खजिनदारांनी खाकरून घेतलं. सख्खी भाची. ते म्हणाले, ‘तिच्या वेळी मी बाहेर बसतो ना.’ अशोककुमार यादव खटल्यात, १९८५ साली, सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवा आयोगाच्या सदस्यांना अशी सवलत दिली आहे: नातलगापुरतं उठून जायचं, त्याची चर्चा करायची नाही, त्याचे गुणही कळून घ्यायचे नाहीत. साध्या निवड समितीतल्या माणसाने मात्र सगळ्याच निवडीतून बाजूला व्हावं, कारण भाचीला जास्त दिले नाहीत तरी बाकी सातांना कमी देता येतातच. खजिनदारांनी हे खेळीमेळीने घेतलं आणि उमेदवारांच्या खोलीत चहा-पाण्याची व्यवस्था सांभाळायला गेले. जाताना जिलबीचं ताट घेऊन गेले. त्यांच्या जागी उपप्राचार्य आले. त्यांना मोजपट्टी समजावण्यात पाच मिनिटं गेली. म्हणून नात्याचा प्रश्न पोह्यांच्याही आधी विचारायला हवा, असं बाईंनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं.

बरोबर साडेदहाला पहिला उमेदवार आत आला. पंचवीस मिनिटं मुलाखत, पाच मिनिटं गप्प बसून गुण लिहायचे, एकमेकांशी बोलायचं नाही. ही पाच मिनिटं अध्यक्षांना पंचवीसपेक्षा लांब गेली. चार जणांनंतर पाव तास सुटी. पावणेतीनला आठवा उमेदवार गेला आणि तक्ते एकत्र मांडले.

पूर्वी इथून पुढे खरी बहार असायची. प्रत्येकाचा एक उमेदवार असायचा, आवाज चढायचे, कुणीतरी १९७२ साली एका मास्तरला आपण कसं ओळखलं ते सांगायचं, आणि अंधार पडता पडता सर्वांत कमी विरोध असलेला माणूस निवडला जायचा. आता मात्र बहुतेक रकान्यांत चार, चार, तीन, चार असं निघालं. अध्यक्ष हिरमुसले. ‘सगळ्यांचं सारखंच आलं तर मग आता बोलून काय राहिलो आपण?’

बोलण्यासारखी जागा एकच होती. सातव्या उमेदवाराला ‘विषय’ या मुद्द्यावर सगळ्यांचे चार आणि प्राध्यापकांचे दोन. बाई म्हणाल्या, जिथे फरक मोठा तिथेच बोलायचं. प्राध्यापकांनी सांगितलं की फळ्यावर समीकरण सोडवताना त्याने दोन्ही बाजूंना x ने भागलं आणि x शून्य असू शकतो हे पाहिलंच नाही, त्यामुळे एक उत्तर हरवलं. आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. कारण लिहून गुण बदलायची मुभा होती. अध्यक्षांनी चाराचे तीन केले आणि कारण लिहिलं, ‘प्राध्यापक म्हणतात म्हणून.’ बाईंनी तक्ता परत दिला. मग त्यांनी ते खोडून लिहिलं, ‘शून्याने भागले.’ पेन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, ‘बरं, पण शून्याने भागलं तर होतं काय?’

प्राध्यापकांनी खडू उचलला. जेवण चारला झालं.